मुकादमाचा कान

आमच्या प्राणी निवाऱ्यात मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी कधी शिकवलं नाही. वीसेक वर्षं कुत्री शिकवली. पोलिसांची, बचाव पथकाची, ढिगाऱ्याखालचा माणूस हुंगून काढणारी. निवृत्त झालो तसं मेहुणीने मला इथे आणून बसवलं. ती इथली डॉक्टर. बाहेरून आलेलं जनावर घरात नेऊन ठेवण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याबरोबर हवालदारही आला. हवालदार म्हणजे माझा म्हातारा कुत्रा. पाय कामातून गेलेत, पण रुबाब अजून तोच. तो माझ्या टेबलाखाली झोपतो आणि माझ्या प्रत्येक पँटवर त्याचे केस असतात.

कुत्र्याची परीक्षा घ्यायला मला फार वेळ लागत नाही. परीक्षा-खोलीत खुर्ची टाकून बसायचं, कुत्र्याला मोकळं सोडायचं आणि हाक मारायची. मग हात पुढे करायचा. मग परका माणूस आत येतो, तेव्हा कुत्रं कोणाकडे धावतं ते बघायचं. शेवटी झाकण न उघडणारा डबा द्यायचा, आत शिजवलेल्या कोंबडीचा तुकडा. कुत्रं दोनदा पंजा मारतं आणि मग माझ्या तोंडाकडे बघतं, 'अहो, उघडा की!' जे बघतं ते पास. माणसाकडे मदत मागणारं जनावर माणसात राहू शकतं, हे मी नव्या स्वयंसेवकांना नेहमी सांगायचो आणि ते लिहून घ्यायचे.

मांजरांचं खातं मेहुणीचं. मला त्यात रस नव्हता. मांजर म्हणजे पोटापुरती ओळख ठेवणारं जनावर, असं माझं मत होतं आणि ते मी मोठ्याने बोलून दाखवायचो.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मेहुणी रजेवर गेली. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "भाऊजी, एक ऐका. नवीन मांजर आलं तर त्याला आतल्या खोलीत ठेवा. पिंजऱ्यात लपायला खोका द्या, वर चादर टाका, खायला द्या आणि त्याच्या वाटेला जाऊ नका. मी आल्यावर बघते."

"मी काय वाघ आहे का?"

"तुम्ही वाघ असता तर चाललं असतं. तो त्यांच्या घरचा. तुम्ही कुत्र्यांतले."

आम्ही दोघं हसलो. मेहुणी आणि भाऊजी यांच्यात एवढं चालायचंच. ती गेली आणि मी तिचं बोलणं थट्टेवारी नेलं. ते थट्टेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

पुढच्याच आठवड्यात एक बंद कारखाना पाडायला घेतला आणि तिथली मांजरं आमच्याकडे यायला लागली. आतली खोली भरली. मग जिना भरला, मग माझ्या खोलीबाहेरची ओसरी. सगळीकडे चादर टाकलेले पिंजरे आणि आतून फिसकारण्याचे आवाज. हवालदार प्रत्येक पिंजऱ्याला नाक लावून हजेरी घ्यायचा. जागा नाही म्हणून नवीन जनावरं परत पाठवायची वेळ आली, तेव्हा मी ठरवलं की बस झालं, आता मीच निकाल लावतो.

आमच्याकडे मांजरांसाठी दोन वाटा आहेत. माणसाळलेलं असेल ते घरी जातं. माणसात न राहणारं असेल त्याची नसबंदी करून, भुलीतच डाव्या कानाचं टोक कापून त्याला एखाद्या गोदामात सोडतात. कान कापतात तो खुणेसाठी. हे मांजर रानटी आहे, नसबंदी झालेली आहे, पुन्हा पकडून पोट फाडू नका, एवढाच त्याचा अर्थ. गोदामवाल्यांना उंदरांपासून सुटका हवी असते, मांजरांना आडोसा हवा असतो. योजना चांगली आहे. मेहुणीनेच सुरू केलेली.

मी कुत्र्यांची परीक्षा थोडी आखूड केली आणि मांजरांना लावली. तीच खोली, तीच खुर्ची, तोच डबा.

मुकादम तेव्हा आला. अर्थात त्याचं नाव मुकादम आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. प्लास्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये, वरून दुसरा क्रेट बांधून, एक गृहस्थ त्याला घेऊन आले. पिवळट रंगाचा, दांडगा बोका. गृहस्थ म्हणाले, "शेजारचं दुकान बंद आहे, त्यात शिरून बसला होता. रात्रंदिवस ओरडतो." ते घाईत होते. दुकान कोणाचं, का बंद, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याची परीक्षा घेतली. पिंजरा उघडल्याबरोबर तो जमिनीला पोट घासत कपाटामागे गेला. मी हाक मारली. नाही आला. मी हात पुढे केला, तर कान मागे पाडून फिसकारला. डोळे नुसते काळेभोर, बाहुली एवढी मोठी की पिवळा भाग दिसेना. परका माणूस आत आला तेव्हा तो माझ्याकडे धावला नाहीच, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये आणखी आत शिरला आणि तिथेच मुतला. डब्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. जे मांजर रात्रंदिवस ओरडतं म्हणून माझ्याकडे आणलं होतं, त्याने आख्ख्या परीक्षेत तोंडातून एक म्याव काढलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी ते सोडून दिलं. दाराशी हवालदार घोरत पडला होता.

मी निकाल दिला: रानटी.

मेहुणीच्या जागी शस्त्रक्रियेला बाहेरून एक डॉक्टर यायचा. तरुण, झटपट काम करणारा. बोक्याला भूल दिल्यावर त्याने मला आतून फोन केला.

"मास्तर, हा आधीच नसबंदी झालेला आहे. नुसता कान कापू ना?"

आता खरं म्हणजे इथे कोणीही थांबलं असतं. बोक्याची नसबंदी आपोआप होत नाही. कोणीतरी त्याला पिशवीत घालून, ओरखडे खात दवाखान्यात नेलेलं असतं. मी थांबलो. अगदीच नाही असं नाही. मग मनाशी म्हणालो, असेल कुठल्या तरी शिबिरातला, खूण करायची राहिली असेल. ओसरीत आणखी दोन क्रेट येऊन पडले होते.

"कापा," मी म्हणालो.

मेहुणी परत आली त्या सकाळी तिच्या आधी दारात एक बाई येऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या आतबाहेरच्या, चार पायांच्या काठीवर भार टाकून. गळ्यात मोजमापाची टेप होती, ती काढायची राहून गेली असावी. पडून कंबरेचं हाड मोडलं होतं, दवाखान्यात होत्या, काल घरी सोडलं. कपडे लहान-मोठे करून द्यायचं त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच त्या राहायच्या.

"माझा बोका तुमच्याकडे दिलाय म्हणे शेजाऱ्यांनी," त्या म्हणाल्या. "मुकादम. पिवळा. मी शिवायला बसले की समोर बसून देखरेख करतो, म्हणून मुकादम. काम एक पैचं नाही, लक्ष सगळ्यांवर."

मेहुणी हसली आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, पिवळा बोका कुठल्या पिंजऱ्यात आहे?"

मी म्हणालो, "गोदामात दिला."

मला आत बोलावून तिने दार लावून घेतलं.

"कशावरून दिलात?"

मी परीक्षेचं सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते ऐकू यायला लागलं.

"भाऊजी, मांजर घाबरलं की लपतं आणि गप्प होतं," ती म्हणाली. "पाळलेलं असो नाहीतर रानातलं, पहिल्या काही दिवसांत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून तर वाट बघायची असते. त्याची जागा गेली, वास गेला, बाई गेली. तो तुमच्याकडे कशाला धावेल? आणि ही पँट." तिने माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. तिथे हवालदाराचे केस होते. "कुत्र्याच्या वासाचा माणूस हात पुढे करून बसलाय, दारात कुत्रा आहे आणि तुम्ही त्याची परीक्षा घेताय? त्यानेच तुमची घेतली. तुम्ही नापास झालात."

"मला हे सगळं माहीत आहे," मी म्हणालो. आणि ते खरं होतं, तेच वाईट होतं. कुत्रा लांडग्यापासून आला आणि मांजर रानमांजरापासून, हे मी स्वयंसेवकांना तक्त्यासकट शिकवायचो. लांडगा कळपात राहणारा, सोबत्याच्या तोंडाकडे बघून शिकार करणारा. रानमांजर एकटं फिरणारं, एकटं मारणारं, एकटं खाणारं. ते कोणाच्या तोंडाकडे बघणार? सगळं तोंडपाठ होतं. आणि खुर्चीत बसल्यावर मी एकट्या जनावराला विचारलं, तू माझ्या तोंडाकडे का बघत नाहीस?

"कान?" तिने विचारलं.

"कापला."

ती टेबलाच्या कडेवर बसली आणि शस्त्रक्रियांची नोंदवही उघडून वाचली. "नसबंदी झालेली असताना?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाईंना आम्ही एवढंच सांगितलं की चुकून त्याला एका गोदामात पाठवलंय, आज आणतो. कानाचं सांगितलं नाही. मेहुणी म्हणाली, "ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, आणि तुमच्यासाठी झाकणारही नाही."

गोदाम गावाबाहेर होतं, धान्याचं. छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, मधून हातगाड्या जाण्यापुरत्या गल्ल्या. नवीन मांजराला तिथे आणलं की दोन-तीन आठवडे एका खोलीत बंद ठेवायचं असतं. तिथेच खाणं, तिथेच झोपणं, म्हणजे जागा त्याच्या अंगवळणी पडते आणि सोडल्यावर ते पळून जात नाही. गोदामवाल्याने चार दिवसांत दार उघडलं होतं.

"उंदीर काय थांबतायत का, मास्तर?" तो म्हणाला. "बाकीची चांगली आहेत हां. ती राखाडी तर वाघीण आहे. पण तुमचा पिवळा कुचकामी. एक उंदीर नाही मारला. हल्ली दिसतही नाही."

"खातो का?"

"वाट्या रिकाम्या होतात. कोण खातं ते कोण बघतं?"

मेहुणीचा चेहरा पडला. मांजराने काही दिवस खाणं सोडलं की त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि मग खायला दिलं तरी ते खात नाही. लठ्ठ मांजराचं तर फार लवकर होतं. मुकादम लठ्ठ होता.

आम्ही खाणं ठेवून सापळ्याचे पिंजरे लावले. पहिल्या दिवशी राखाडी सापडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा राखाडीच. मी गल्ल्यागल्ल्यांतून बॅटरी घेऊन फिरलो. पोत्यांच्या फटींत तोंड घालून "मुकादम, मुकादम" करत राहिलो. हमालांच्या खऱ्या मुकादमाने दोनदा विचारलं, "काय साहेब, काही काम?" बाकीचे हमाल हसले. मला हसू आलं नाही. घरी जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो, आणि मग त्याचीही लाज वाटली. हवालदार पायाशी येऊन बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या त्या बघण्यावर मी आयुष्य काढलं होतं. त्या रात्री ते मला सोसेना.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला घेऊन चला."

मेहुणीने गोदामवाल्याला सांगून जेवणाच्या सुट्टीत हातगाड्या थांबवल्या. दारं ओढून घेतली. मला तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं, हवालदार घरी आणि पँट नवीन. मी दुकानातून आणून तशीच घातली होती. पँटवरचा किमतीचा कागद काढायचा राहिला होता, तो मेहुणीने दारात ओढून काढला. बाईंना बसायला मी घडीचं स्टूल नेलं होतं. त्या मधल्या गल्लीत बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि हाक मारली.

"मुकादम! अरे मुकादमा, मी आले रे!"

काही नाही. वर छतातून उन्हाचा पट्टा आला होता, त्यात भुसा तरंगत होता. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा, आणखी मोठ्याने. मग त्यांचा आवाज चिरकला.

"विसरला," त्या म्हणाल्या. "मी त्याला सोडून गेले असंच वाटलं असणार. त्याला काय सांगून गेले होते मी?"

मला राहवेना. मी म्हणालो, "अजून जोरात मारा हाक. मी इकडून मारतो."

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," मेहुणी म्हणाली आणि बाईंच्या शेजारी पोत्यावर टेकली. "मावशी, त्याने ऐकलंय. आवाज ओळखतात ती, पक्का ओळखतात. पण हाक ऐकली म्हणून यायचंच, असं त्यांना कोणी कधी शिकवलं नाही. कुत्र्याला आपण शिकवलं. हजारो वर्षं निवडून निवडून. जो हाकेला आला त्याला ठेवलं, त्याची पिल्लं वाढवली. मांजराला आपण बोलावलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"आपण धान्य साठवायला लागलो. अशीच कोठारं, लहान. धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आलं. माणूस दिसला की पळणारी पळाली. जी जरा कमी घाबरली त्यांना उंदीर जास्त मिळाले, त्यांची पिल्लं जगली. असं होत होत ती आपल्या ओसरीत आली. आपण निवडलं नाही त्यांना. त्यांची ती आली. म्हणून अजूनही ती यायची तर स्वतःहून येतात."

बाईंनी वर थप्प्यांकडे पाहिलं. "अशाच कोठारात?"

"अशाच."

ते ऐकताना मी तिसऱ्या थप्पीला टेकून उभा होतो. दहा हजार वर्षं एकेक पाऊल टाकत जे जनावर कोठारातून माणसाच्या मांडीपर्यंत आलं, त्याला मी एका दुपारी परत कोठारात पाठवलं होतं. आणि मांडी होती त्याला. रिकामी झालेली, दवाखान्यातल्या पलंगावर पडलेली, पण होती. मला त्या क्षणी इतकं शरमल्यासारखं झालं की मी पोत्यावरचा सुटलेला दोरा उगाच ओढत राहिलो.

"मग काय करू?" बाईंनी विचारलं.

"हाक नका मारू. त्याच्यासाठी काहीच करू नका. रोज काय करता ते करा."

बाईंनी डोळे पुसले. पिशवीतून कोणाचा तरी निळा झगा काढला, मांडीवर पसरला, चष्मा चढवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोन वेळा चुकला. तिसऱ्यांदा ओवला गेला. मग त्या खालची दुमड शिवायला लागल्या आणि सवयीने स्वतःशीच पुटपुटायला लागल्या. "हे बघ, ही माप देते एक आणि वाढते दुसरीकडून. आता इथून सोडायचं तरी किती..."

बराच वेळ तेवढाच आवाज होता. माझे पाय भरून आले, पण मी हललो नाही.

मेहुणीने माझ्या मनगटाला हात लावला. वर, पाचव्या की सहाव्या पोत्याच्या कडेला, एक पिवळा कान दिसत होता. टोक नसलेला. तो बाईंच्या दिशेने वळलेला होता. किती वेळ वळलेला होता कोण जाणे.

मग डोकं आलं. मग तो उतरायला लागला, एक पोतं, थांबणं, दुसरं पोतं, थांबणं. खाली आल्यावर त्याने शेपटी ताठ उभी केली, टोकाला किंचित वाक. मांजरं आपल्या माणसाकडे जाताना तशी करतात. पोट आत गेलेलं, पाठीवरचे केस राठ झालेले. तो घाईने आला नाही. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावरून गेला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. स्टुलापाशी येऊन त्याने तोंड वर केलं आणि घोगऱ्या आवाजात एकदा म्याव केलं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी सहसा तसं बोलत नाहीत. ती भाषा ती माणसांसाठी ठेवतात. माझ्या खोलीत त्याने ती काढली नव्हती.

मग तो झग्यावर चढला आणि बरोबर शिवण चालू होती तिथेच बसला.

"उठ, सुई लागेल," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. एका हाताने त्याला दाबून धरत होत्या, दुसऱ्याने खरोखरच सुई बाजूला खोचत होत्या. मेहुणीने वाटी पुढे सरकवली. त्याने आधी बाईंचा अंगठा हुंगला, मग वाटी हुंगली, आणि खायला लागला. मेहुणीने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

तो खात असताना बाई त्याच्या डोक्यावरून बोटं फिरवत होत्या. बोटं डाव्या कानाशी थांबली. पुन्हा गेली आणि पुन्हा थांबली.

"हे काय झालं? उंदीर चावला का?"

मेहुणी पोत्याकडे बघत होती. गोदामवाला दारातून आत आला होता. तो चांगला माणूस, लगेच मदतीला धावला. "असणार, असणार. इथले उंदीर केवढाले आहेत! मागे एकाचा जोडा कुरतडला."

बाईंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता. मी तिथे गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं आणि घरी जाऊन त्यांनी कानाला हळद लावली असती.

"उंदीर नाही," मी म्हणालो. "आम्ही कापला. मी कापायला सांगितला."

"का?"

"ती खूण असते." मला शब्द शोधावे लागले. "हा माणसाळलेला नाही, याचं कोणी नाही, असं कळावं म्हणून."

बाईंचा हात कानावर तसाच राहिला. मुकादम खात होता.

"पण होतं की कोणीतरी," त्या म्हणाल्या.

"हो. बंद दुकानात रात्रंदिवस ओरडून हा तेच सांगत होता, त्याच्या परीने. मला ऐकू आलं नाही. डॉक्टरने विचारलंसुद्धा, की याची नसबंदी आधी झालेली आहे. तरी मी कापा म्हणालो. जागा नव्हती म्हणून."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही. मी ते म्हणतील अशी वाट बघत होतो, हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याचीही शरम वाटली.

त्या वर बघत होत्या. थप्प्यांच्या माथ्यावर, उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला, राखाडी येऊन बसली होती. तिच्या मागे एक काळं-पांढरं. आणखी मागे पोत्यांच्या सावलीत नुसते डोळे. जेवढे डावे कान दिसत होते तेवढे सगळे टोकाला कापलेले होते.

"यांच्या परीक्षा पण तुम्हीच घेतल्यात का, भाऊ?"

"हो."

"तशाच?"

"तशाच."

बाईंनी बोक्याला झग्यासकट गुंडाळून मेहुणीकडे दिलं. उठायला मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. काठी धरून स्वतःच उठल्या, दम खाल्ला, आणि काठीच्या पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मग बसा," त्या म्हणाल्या. "माझा सापडला. यांच्यातही कोणाचं कोणीतरी असेल."

मेहुणी त्यांना गाडीपर्यंत घेऊन गेली. मुकादमाचं सुखाने घुरघुरणं दारापर्यंत ऐकू येत होतं. दार ओढल्याचा आवाज आला. गोदामवाला म्हणाला, "मास्तर, हमाल यायची वेळ झाली," आणि मग माझ्याकडे बघून तोही बाहेर गेला.

मी स्टुलावर बसलो. राखाडी माझ्याकडे बघत होती. मी नजर खाली वळवली, हात मांडीवर ठेवले आणि हाक मारली नाही.